एका स्ट्रीमचे किती पैसे? हा दर नाही, भागाकार आहे

स्ट्रीमिंगवर कलाकारांना किती कमी पैसे मिळतात हे सांगणारी आकडेवारी अधूनमधून आपल्यापर्यंत येत असते. अमुक कंपनी एका स्ट्रीमला इतके पैसे देते, तमुक कंपनी तितके, असा एक तक्ता असतो. सगळे आकडे दशांश चिन्हानंतर दोन-दोन शून्यं घेऊन येतात आणि खाली संतापाच्या प्रतिक्रिया असतात. संताप बऱ्याच अंशी रास्त आहे. पण तो तक्ता ज्या गोष्टीचा आहे असं आपल्याला वाटतं, ती गोष्ट बहुतेक वेळा अस्तित्वातच नसते. स्पॉटिफायसारखी कंपनी कुठेही बसून ‘एका स्ट्रीमचा भाव इतका’ असं ठरवत नाही. महिना संपल्यावर दोन मोठ्या आकड्यांचा भागाकार केला जातो आणि त्यातून ती रक्कम निघते. दर आणि भागाकार यांत फरक काय, हे एकदा नीट समजलं की पैसे इतके कमी का, ते कुठे जातात आणि सुधारणा म्हणून सुचवलेल्या उपायांतून खरंच काय होईल, हे तिन्ही प्रश्न बरेच सुटसुटीत होतात.

उदाहरण ब्रिटनचं घेऊ, कारण तिथे या विषयावर सर्वांत जास्त उघड चर्चा झाली. २०२१ मध्ये तिथल्या संसदीय समितीने स्ट्रीमिंगच्या अर्थकारणावर अहवाल दिला आणि २०२२ मध्ये स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने (यापुढे नुसतं ‘प्राधिकरण’) बाजाराचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला.

समजा एक श्रोता महिन्याला ९.९९ पौंड वर्गणी भरतो. त्यात २० टक्के मूल्यवर्धित कर आलाच, म्हणजे कंपनीच्या हातात साधारण ८.३२ पौंड पडतात. यातला अंदाजे दोन-तृतीयांश भाग हक्कधारकांना जातो. हक्कधारक म्हणजे कलाकार नव्हे, त्याकडे नंतर येऊ. तर एका श्रोत्यामागे वाटायला उरतात सुमारे ५.५५ पौंड.

आता हा श्रोता महिन्यात ५०० वेळा गाणी ऐकत असेल, तर एका स्ट्रीममागे १.११ पेनी येतात. तोच श्रोता स्वयंपाक करताना, बसमध्ये, झोपताना गाणी लावायला लागला आणि आकडा १,५०० वर गेला, तर एका स्ट्रीममागे ०.३७ पेनी. वर्गणी तीच, कंपनीचा हिस्सा तोच, कुणीही कुणाचे पैसे कापले नाहीत. तरी ‘दर’ एक-तृतीयांश झाला. म्हणजे ज्या कंपनीचा ‘दर’ जास्त दिसतो, तिचे श्रोते कदाचित फक्त कमी गाणी ऐकत असतील. कंपन्यांची तुलना करणारे तक्ते मला म्हणूनच फारसे उपयोगाचे वाटत नाहीत. छेद न सांगता नुसतं उत्तर सांगण्यासारखं ते आहे.

अंशाची गोष्टही बघण्यासारखी आहे. अमेरिकेत स्पॉटिफायची वैयक्तिक वर्गणी २०११ पासून जुलै २०२३ पर्यंत ९.९९ डॉलरच होती. या बारा वर्षांत महागाई वाढली, गाणी ऐकण्याचं प्रमाण वाढलं, कुटुंबासाठी आणि विद्यार्थ्यांसाठी स्वस्त योजना आल्या, जाहिरातींवर चालणारी फुकट खाती वाढली. यांपैकी जवळजवळ प्रत्येक गोष्ट भागाकार खाली ओढते. वर्गणीदार वाढले तर एकूण रक्कम जरूर वाढते, पण त्यांच्याबरोबर त्यांचे स्ट्रीमही येतात, त्यामुळे भागाकार तसाच राहतो किंवा घसरतो.

सगळ्यांचा एकच गल्ला

मी आत्ता एका श्रोत्याचा हिशेब केला, पण प्रत्यक्षात तसा होत नाही. बहुतेक मोठ्या कंपन्या एका देशातल्या एका प्रकारच्या खात्यांचे पैसे एका गल्ल्यात टाकतात. मग त्या महिन्यात एकूण स्ट्रीमपैकी तुमच्या गाण्यांचे किती टक्के होते ते बघतात आणि तितके टक्के गल्ल्यातून देतात. याला आपण प्रमाणशीर वाटप म्हणू.

दोनच श्रोते असलेला देश कल्पू या. दोघांच्या वर्गणीतून प्रत्येकी ७ रुपये, मिळून १४ रुपये गल्ल्यात आले. पहिली श्रोती महिन्यात १०० वेळा ऐकते, आणि ऐकते ती एकाच शास्त्रीय गायिकेला. दुसरा ९०० वेळा ऐकतो, सगळं पॉप. एकूण स्ट्रीम १,०००, म्हणजे भागाकार १.४ पैसे. गायिकेला मिळाले १ रुपया ४० पैसे. तिच्या एकमेव श्रोतीने तिच्यासाठी म्हणून ७ रुपये भरले होते, त्यातले ५ रुपये ६० पैसे त्या श्रोतीने कधीही न ऐकलेल्या पॉपकडे गेले.

पुढच्या महिन्यात दुसरा श्रोता दुप्पट ऐकायला लागला, १,८०० वेळा. गायिकेचे स्ट्रीम तेच, श्रोती तीच, गल्ला तोच १४ रुपयांचा. पण आता भागायचं १,९०० ने. गायिकेला मिळतात साधारण ७४ पैसे. तिच्या बाजूला काहीही बदललेलं नसताना तिचं उत्पन्न जवळजवळ निम्मं झालं. या पद्धतीत तुमचं उत्पन्न तुमच्या श्रोत्यांइतकंच इतरांच्या श्रोत्यांवरही अवलंबून असतं, हे इथे स्वच्छ दिसतं.

त्यात आणखी एक नियम आहे. साधारण ३० सेकंद गाणं वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो, आणि पुढे ते किती वेळ वाजतं याला महत्त्व नसतं. दोन मिनिटांचं गाणं एक स्ट्रीम, आणि पस्तीस मिनिटांचा ख्यालही एकच स्ट्रीम. ख्याल ऐकणाऱ्याने दिवसभरात दोन तास संगीत ऐकलं तर चार-पाच स्ट्रीम होतील, पॉप ऐकणाऱ्याचे चाळीस-पन्नास. आपल्या संगीताचं एकक या मोजपट्टीत बसतच नाही. मोजमापाचं एकक निवडताना कुणाला तरी झुकतं माप मिळतं, ते असं.

सरासरीचा सापळा

प्रत्येक देशाचा गल्ला वेगळा असतो, हे वर ओझरतं आलं. संशोधनासाठी ही आकडेवारी हाताळणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष इथेच द्यावं असं मला वाटतं. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं तेव्हा महिन्याची वर्गणी ११९ रुपये होती, आणि फुकट ऐकणारे तर आपल्याकडे भरपूर. साहजिकच भारतातला भागाकार ब्रिटनच्या मानाने फारच लहान येतो.

आता एका मराठी गायकाचा कल्पित हिशेब बघा. सोयीसाठी ब्रिटनमध्ये एका स्ट्रीममागे ४० पैसे आणि भारतात ८ पैसे धरू. पहिल्या महिन्यात लंडनच्या मराठी मंडळींमुळे त्याचे ब्रिटनमध्ये ९०,००० स्ट्रीम झाले आणि भारतात १०,०००. उत्पन्न ३६,००० अधिक ८००, म्हणजे ३६,८०० रुपये. सरासरी ३६.८ पैसे. नंतर एक गाणं इथे गाजलं. ब्रिटनमध्ये ९५,००० आणि भारतात २ लाख स्ट्रीम. उत्पन्न ३८,००० अधिक १६,०००, म्हणजे ५४,००० रुपये. पण स्ट्रीम २,९५,००० असल्यामुळे सरासरी १८.३ पैशांवर आली.

‘माझा दर निम्मा केला’ असं त्याला वाटणं स्वाभाविक आहे. पण दोन्ही देशांतले आकडे जसेच्या तसे आहेत, दोन्हीकडचे स्ट्रीम वाढले आहेत आणि उत्पन्न जवळजवळ दीडपट झालं आहे. बदललं ते फक्त मिश्रण. म्हणून एखाद्या कलाकाराचं विवरणपत्र अभ्यासाला मिळालं तर आधी एकूण रकमेला एकूण स्ट्रीमनी भागू नका. देश आणि खात्याचा प्रकार (पैसे भरणारं की फुकट) या दोन रकान्यांनुसार गट पाडा आणि प्रत्येक गटाचा भागाकार वेगळा काढा. गटांच्या आतला आकडा घसरला असेल तर खरंच काहीतरी बिनसलं आहे. गट स्थिर आणि फक्त एकूण सरासरी घसरली असेल, तर श्रोते बदलले आहेत एवढंच.

गल्ल्यापासून खिशापर्यंत

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. गल्ल्यातून पैसे निघतात ते हक्कधारकांकडे, आणि प्रत्येक गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक ध्वनिमुद्रणाचा, जो सहसा रेकॉर्ड कंपनीकडे असतो. दुसरा रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा, जो गीतकार-संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकांकडे असतो. ब्रिटनमध्ये एकूण महसुलातला साधारण १५ टक्के भाग रचनेला जातो आणि पन्नास टक्क्यांच्या आसपास ध्वनिमुद्रणाला.

ब्रिटनमधल्या चार जणांच्या एका बँडला १० लाख स्ट्रीम मिळाले असं समजा. वरचा ०.३७ पेनीचा आकडा घेतला तर ३,७०० पौंड होतात. त्यातले अंदाजे ८३० रचनेकडे आणि २,८७० ध्वनिमुद्रणाकडे. बँडचा मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार आहे. प्राधिकरणाच्या अभ्यासानुसार अशा करारांत कलाकाराचा सरासरी वाटा २०१२ मध्ये १९.७ टक्के होता आणि २०२१ पर्यंत २३.३ टक्के झाला. तो लावला तर बँडला सुमारे ६७० पौंड, म्हणजे माणशी १६७. दहा लाख वेळा गाणं वाजलं, त्याचे. गाणी बँडनेच लिहिली असतील तर रचनेच्या ८३० पौंडांतलाही भाग मिळेल. प्राधिकरणाने दिलेला आकडा याच घरातला आहे: महिन्याला १० लाख स्ट्रीम असणाऱ्या कलाकाराला वर्षाला सुमारे १२,००० पौंड, म्हणजे १० लाखांमागे हजारभर पौंड. आणि इतके स्ट्रीम मिळवणारे कलाकार एक टक्क्याहूनही कमी.

पण ते ६७० पौंड तरी लगेच हातात येतील का? बहुतेक वेळा नाही, कारण कंपनीने बँडला आधी उचल दिलेली असते. समजा २०,००० पौंड. ही उचल फिटते ती फक्त कलाकाराच्या वाट्यातून. दर १० लाख स्ट्रीमना ६७० पौंड या गतीने २०,००० फिटायला जवळजवळ ३ कोटी स्ट्रीम लागतात. दरम्यान ध्वनिमुद्रणाच्या उरलेल्या वाट्यातून कंपनीकडे दर १० लाखांमागे २,२०० पौंड जमा होत असतात, म्हणजे ३ कोटी स्ट्रीमपर्यंत सुमारे ६६,०००. कंपनीने रेकॉर्डिंग आणि जाहिरातीवर खर्च केलेला असतो आणि अनेक कलाकारांवर लावलेले पैसे बुडतात, हा तिचा युक्तिवाद खोटा नाही. तरी एवढं नक्की की कंपनीच्या बाजूने उचल वसूल झाल्यानंतरही कलाकाराच्या खात्यात ती बराच काळ ‘बाकी’ दिसत राहते.

भारतात रचनेच्या बाजूला एक वेगळी तरतूद आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटासाठी लिहिलेल्या गाण्याच्या गीतकाराला आणि संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या मानधनातला समान वाटा सोडून देता येत नाही. करारात तसं लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. हे पैसे मुख्यतः आयपीआरएस या संस्थेमार्फत येतात, पण त्यासाठी सभासद व्हावं लागतं आणि आपल्या रचना तिथे नीट नोंदवाव्या लागतात. नोंद नसेल, किंवा नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं असेल, तर स्ट्रीम मोजले जातात पण पैसे कुणाचे ते जुळत नाही. कमी पैसे मिळण्याचं हे एक कंटाळवाणं पण अगदी खरं कारण आहे.

श्रोत्याचे पैसे श्रोत्याच्या कलाकाराला?

वरचं दोन श्रोत्यांचं उदाहरण वाचून अनेकांना वाटलं असेल की मग प्रत्येकाची वर्गणी त्याने ऐकलेल्या कलाकारांतच वाटावी. याला श्रोता-केंद्री वाटप म्हणतात. आपल्या गायिकेला मग १ रुपया ४० पैशांऐवजी पूर्ण ७ रुपये मिळतील, आणि दुसरा श्रोता कितीही ऐको, त्यात फरक पडणार नाही. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये काही कलाकारांसाठी हे सुरूही केलं.

तर्क सुंदर आहे. पण खऱ्या आकडेवारीवर तो लावला की काय होतं? फिनलंडच्या संगीतकार संघटनेसाठी २०१७ मध्ये झालेल्या अभ्यासात प्रमाणशीर वाटपात वरच्या ०.४ टक्के कलाकारांना ९.९ टक्के पैसे मिळत होते, ते श्रोता-केंद्री वाटपात ५.६ टक्के झाले. फरक मोठा आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्राचा जानेवारी २०२१ मधला अभ्यास आणखी बारकाईने बघतो. शास्त्रीय संगीताचं उत्पन्न साधारण एक-चतुर्थांशाने वाढलं असतं आणि रॅपचं सुमारे एक-पंचमांशाने कमी झालं असतं. म्हणजे शैलींमध्ये फेरवाटप होतं. पण लोकप्रियतेच्या यादीत दहा हजाराव्या क्रमांकाच्या पुढे असलेल्या कलाकारांना सरासरी वाढ मिळाली असती ती वर्षाला फार तर काही युरोंची.

याचं कारण सरळ आहे. ज्याला मुळात वर्षाला पन्नास युरो मिळतात, त्याचे पाच-दहा टक्क्यांनी वाढून किती होणार? गल्ला तितकाच आहे, फक्त सुरी वेगळ्या जागी फिरते. शिवाय या दोन्ही अभ्यासांत ऐकण्याच्या सवयी आहेत तशा धरल्या आहेत. नियम बदलले तर रेकॉर्ड कंपन्या, प्लेलिस्ट बनवणारे आणि श्रोतेही वेगळं वागतील, ते या गणितात नाही. इथे संशोधनाला खरी जागा आहे, पण श्रोत्यानुसार कच्ची आकडेवारी कंपन्यांच्याच हातात असल्यामुळे बाहेरच्या संशोधकाला तिथवर पोचणं अवघड जातं.

माझ्या मते श्रोता-केंद्री वाटपाचा सर्वांत भक्कम फायदा छोट्या कलाकारांच्या उत्पन्नात नाहीच, तो फसवणुकीच्या बाबतीत आहे. प्रमाणशीर वाटपात मी ९.९९ पौंड भरून एक खातं उघडलं आणि माझंच ३१ सेकंदांचं गाणं दिवसरात्र लावून ठेवलं, तर महिन्यात सुमारे ८३ हजार स्ट्रीम होतात. ०.३७ पेनीने ते तीनशे पौंडांच्या वर जातात. दहा पौंड घालून तीनशे! आणि हे पैसे कंपनीच्या खिशातून जात नाहीत, गल्ल्यातल्या बाकी सगळ्या कलाकारांच्या वाट्यातून जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी अशाच एका प्रकरणात आरोपपत्र दाखल केलं. हजारो बनावट खाती लाखो गाण्यांवर पसरवून वाजवली गेली आणि त्यातून १ कोटी डॉलरहून जास्त रॉयल्टी काढली, असा त्यात आरोप आहे.

इतक्या गाण्यांवर पसरवण्याचं कारण तुम्हाला आता ओळखता येईल. एकाच गाण्याचे ८३ हजार स्ट्रीम आणि ऐकणारं खातं एकच, हे लगेच नजरेत भरतं. म्हणून तपासणारे नुसते स्ट्रीम बघत नाहीत, स्ट्रीम आणि वेगवेगळे श्रोते यांचं गुणोत्तर बघतात. शिवाय गाणी ३० सेकंद उलटताच थांबतात का, पहाटे तीनलाही दुपारी तीनइतकीच वाजतात का, हेही बघतात. डीझरने २०२३ मध्ये फ्रान्समध्ये आणलेल्या पद्धतीतही महिन्याला किमान १,००० स्ट्रीम आणि त्याबरोबर किमान ५०० वेगळे श्रोते असणाऱ्या कलाकाराच्या स्ट्रीमना दुप्पट वजन दिलं जातं. दुसरी अट आहे ती याचसाठी. स्पॉटिफायने २०२४ पासून बारा महिन्यांत १,००० पेक्षा कमी स्ट्रीम असलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे पैसे देणं बंद केलं, ते पैसे गल्ल्यातच राहतात आणि बाकीच्यांत वाटले जातात. त्यात चिल्लर फसवणूक अडते, आणि नुकतं पहिलं गाणं टाकलेला खराखुरा नवा कलाकारही त्याच चाळणीत अडकतो.

श्रोता-केंद्री वाटपात मात्र त्या ३१ सेकंदांच्या गाण्याचं काय होईल? मी दिवसरात्र वाजवलं तरी माझ्या खात्यामागे वाटायचे पैसे ५.५५ पौंडच. ९.९९ भरायचे आणि जास्तीत जास्त ५.५५ परत मिळवायचे. चोरीच्या कार्डांवर किंवा हॅक केलेल्या खात्यांवर हा हिशेब अजूनही फायद्याचा ठरू शकतो, पण स्वतःच्या पैशाने उघडलेल्या खात्यांवर हा धंदा तोट्याचा होतो.